नववी काच

हे लिहायला बसलो खरा, पण आधी माफी मागतो. लिहिणं हे आमच्या घरातलं काम नव्हे. वडिलांना सही करता यायची, तीही अक्षराअक्षराला थांबून. आईला तेवढंही नाही. घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. चार पुस्तकं वाचली म्हणून आपल्या हातून घडलेलं लोकांपुढं मांडायचा अधिकार येतो का, हे मला अजून नीट कळत नाही. शिवाय गोष्ट तशी लहान आहे. पडद्यावर काचेवरची चित्रं दाखवायची आणि त्यांच्याबरोबर बोलायचं, एवढंच काम माझ्याकडं होतं. पुष्कळ गावांत ते मला जमलं. जिथं जमायलाच हवं होतं त्या एका गावात मी ते केलं नाही. जमलं नाही असं लिहिणार होतो, पण ते खरं नाही.

पंचावन्न सालाच्या मागंपुढं मी पुण्याला दुसऱ्या वर्षात होतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतून सरकारी आरोग्य खात्याचा, नारूविरुद्धच्या प्रचाराचा चित्रांचा कंदील फिरणार होता आणि त्याच्याबरोबर बोलायला स्वच्छ मराठी बोलणारा विद्यार्थी हवा होता. मला एक पान मोठ्यानं वाचायला लावलं आणि लगेच निवडलं. मला फार अभिमान वाटला. पहिल्या वर्षी मी ‘व्हतं’ म्हणालो की वर्गातली पोरं मागून ‘व्हतं, व्हतं’ करायची. तो शब्द मी जिभेवरून घासून घासून काढला होता, आणि आता त्याच घासलेल्या जिभेसाठी मला माझ्याच तालुक्यात पाठवत होते.

ज्यांनी नारू पाहिलेला नाही त्यांना थोडं सांगायला हवं. आमच्याकडं पायऱ्यांच्या विहिरी, बारवा फार. बायका खाली उतरून घोटाभर पाण्यात उभ्या राहून घागर बुडवतात. ज्याच्या पायाला नारूचा फोड आहे त्यानं पाय पाण्यात घातला की त्यातून नारूची पिल्लं पाण्यात सुटतात. ती डोळ्यांना दिसत नाहीत. पाण्यातले बारीक किडे ती खातात, आणि ते किडे पाण्याबरोबर माणसाच्या पोटात जातात. पुढं साधारण वर्षभर काहीच कळत नाही. मग कधीतरी पायावर फोड येतो, फुटतो आणि आतून पांढरा दोरा डोकावतो, तोच नारूचा जंत. हातभर लांब. तो काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा ओढायचा, महिना महिना. मध्येच तुटला तर पाय सुजतो, पू होतो, आणि कधी सांधा कायमचा आखडतो.

कंदील चालवणारे चाचा जुन्नरचे होते. पत्र्याची कामं करणाऱ्यांच्या घरातले, पन्नाशीचे, बोटांवर जुन्या भाजल्याचे डाग. कंदील म्हणजे पत्र्याची पेटी, आत घासलेटची दाबाची बत्ती, पुढं भिंग. काचा हाताच्या पंजाएवढ्या, चौकोनी. त्या उलट्या घालायच्या, म्हणजे पडद्यावर सुलट्या दिसतात. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यावर पांढरा ठिपका होता. अंधारात अंगठा त्या ठिपक्यावर ठेवून काच धरली की ती चुकत नसे. दोन घरांची एक लाकडी पट्टी होती. एका घरातली काच उजेडासमोर असताना चाचा दुसऱ्या घरात पुढची बसवायचे आणि पट्टी सरकवायचे. आवाजही होत नसे.

काचा चौदा. प्रत्येक चित्राखाली एक वाक्य. माझ्याकडं छापील व्याख्यानाची वही होती, तिच्यातही चित्राच्या आकड्यापुढं तेच वाक्य, आणि खाली तसलीच आणखी चार. ‘नारूग्रस्त व्यक्तीने जलाशयात प्रवेश करू नये.’ ‘पेयजल दुहेरी फडक्यातून गाळून घ्यावे.’ माझं काम मला सोपं वाटलं. चित्र आलं की वाक्य वाचायचं, वाचून झालं की ‘पुढचं’ म्हणायचं.

पहिला कार्यक्रम पेठला झाला. आमचं गाव तिथून जवळच, त्यामुळं ओळखीची माणसं आली होती. दिवेलागणीला शाळेच्या भिंतीवर पडदा लावला. पहिलं चित्र आलं. मी घसा साफ करून सुरुवात केली, ‘नारू हा रोग...’ आणि पुढं बसलेल्या शाळेतल्या पोरांनी पडद्यावरचं वाक्य एका सुरात वाचून टाकलं. माझ्याआधी. दुसऱ्या काचेलाही तेच. तिसऱ्या काचेपासून तर शर्यतच लागली. मी अर्ध्यावर असायचो आणि पोरं शेवटच्या शब्दावर पोचलेली असायची. लोक हसायला लागले.

मागून एक म्हातारा म्हणाला, “आरं, ह्ये पोरं बी वाचत्यात की! मग पुण्यावरनं मानूस कशाला आनलाय?”

दुसरा म्हणाला, “गप रं. त्येला पुस्तक पाठ न्हाई म्हून वाचतोय.”

मी आणखी मोठ्यानं वाचू लागलो. चौदावी काच झाली तेव्हा अर्धे लोक उठून गेले होते, आणि नारू कसा होतो हे राहिलेल्यांपैकी एकालाही कळलं असेल असं मला वाटत नाही.

रात्री चाचांनी काचा पुसून पेटीत लावल्या. सकाळी त्यांनी काचांची पेटी शाळेच्या खिडकीत ठेवली, एक काच काढून आभाळाकडं धरली आणि खालचं वाक्य अंगठ्यानं झाकलं.

“हं. बोल.”

“काय बोलू?”

“ह्या चित्रात काय चाललंय, ते मला सांग. मला वाचता येत नाही असं समज. तसं फार येतही नाही.”

चित्रात एक माणूस बारवेच्या पायरीवर बसून पाय पाण्यात सोडून होता. मी म्हणालो, “नारूग्रस्त व्यक्तीने जलाशयात...”

“अरे बेटा, हे तर काच बोलते. काचेला बोलता येतंय तेवढं तिला बोलू दे. तुझ्यापाशी काय आहे?”

मी वहीचं पान उलटू लागलो. चाचा हसले नाहीत, याचं मला आजही बरं वाटतं. ते म्हणाले, “हा माणूस पाय पाण्यात का घालतो ते चित्रात आहे का? नाही. मी सांगतो. आग होते म्हणून. फोडाची आग होते, गार पाण्यात पाय घातला की बरं वाटतं. त्याला शिव्या देऊ नको. त्याला सांग, घरी घमेल्यात पाय बुडव, आणि ते पाणी लांब मातीत ओत, विहिरीपाशी नको.”

त्या दिवसापासून आम्ही ती वही नव्यानं बांधायला घेतली. तांबड्या पेन्सिलीनं मी काचेवर असलेलं प्रत्येक वाक्य वहीतून खोडलं. पानाच्या डाव्या बाजूला काचेचा आकडा ठेवला, उजवीकडं फक्त काचेत नसलेली गोष्ट लिहिली. ‘पुढचं’ म्हणणं बंद केलं. माझ्या हातात चित्र दाखवायची काठी असायची. जमिनीवर एक ठोका म्हणजे काच बदल, दोन ठोके म्हणजे थांब, अजून बोलायचंय. चित्र यायच्या आधीच मी एखादा प्रश्न टाकायचो, आणि लोक उत्तर शोधत असताना ठोका द्यायचो. चित्र आलं की आधी गप्प राहायचं. हे शिकायला मला सगळ्यांत जड गेलं. पडद्यावर चित्र आहे, शंभर माणसं बघतायत आणि आपण गप्प, म्हणजे आपल्याला येत नाही असं वाटतं. चाचा म्हणायचे, “दोन घास खाऊ दे त्यांना. मग बोल. डोळे कामात असले की कान बंद असतात.” लोक खालची ओळ वाचून घ्यायचे, ज्यांना येत नाही त्यांना शेजारचा वाचून दाखवायचा, कुजबुज व्हायची, ती थांबली की मी तोंड उघडायचो.

दुसरी गोष्ट त्यांनी शिकवली ती अशी की दुपारी त्या गावची बारव पाहिल्याशिवाय संध्याकाळी बोलायचं नाही. मग आम्ही जायचो. कुठल्या पायरीपर्यंत पाणी आहे, पलीकडं गुरं उतरतात का, बायका कशानं गाळतात, सगळं बघायचो. रात्री काच तीच असायची, पण मी म्हणायचो, “तुमच्या बारवेच्या सातव्या पायरीवर शेवाळ आहे, तिथं पाय घसरतो म्हणून सगळे आठव्या पायरीवर, पाण्यात उभे राहतात.” लोक एकदम सरळ होऊन बसायचे. एका गावात एकानं विचारलं, “पावणं, तुमी आमच्याच गावचं हाय का काय?” माझ्या तोंडून ‘व्हतं’ केव्हा परत आलं ते मला कळलंही नाही.

नवव्या काचेचं तसंच झालं. नववी काच म्हणजे घागरीच्या तोंडाला फडकं बांधून पाणी गाळणारी बाई. खाली वाक्य, ‘पेयजल दुहेरी फडक्यातून गाळून घ्यावे.’ पण गावोगाव लोक म्हणायचे, आम्ही गाळूनच पितो, तरी नारू निघतो. मला उत्तर येत नव्हतं. मग एका दुपारी बारवेवर एक बाई गाळताना पाहिली. एक घागर झाली. तिनं फडकं सोडलं, उलटं केलं आणि दुसऱ्या घागरीला बांधलं. मी विचारलं, “उलटं का केलंत?”

ती म्हणाली, “वरचं अंग मळलं न्हवं का? चांगलं अंग वर घ्याया नगं?”

चाचांनी माझ्याकडं पाहिलं. वरच्या अंगावर अडकलेले किडे आता खालच्या अंगाला आले होते, आणि दुसऱ्या घागरीचं पाणी त्यांना धुऊन सरळ आत घेऊन जात होतं. पुढं तीन गावांत आम्ही मुद्दाम पाहिलं. तिन्ही ठिकाणी तेच. स्वच्छतेच्या हौसेनंच चाललेलं. जुन्नरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना विचारलं, तर त्यांनी एका फडक्याचं वरचं अंग पांढऱ्या ताटलीत झटकून पाणी ओतलं आणि भिंग दिलं. ठिपके उड्या मारत होते. ते म्हणाले, “बरोबर पाहिलंत. हे सांगत जा. फडकं घट्ट विणीचं हवं, आणि एकच अंग कायम वर.” आम्ही युक्ती काढली. फडक्याच्या कोपऱ्यावर तांबड्या दोऱ्याची गाठ घालायची, गाठ दिसते ते अंग वर. मळलं तर विहिरीपासून लांब धुऊन वाळवायचं. नवव्या काचेला मी दोन ठोके द्यायचो, खिशातून गाठ मारलेलं फडकं काढायचो आणि पडद्याच्या उजेडात दाखवायचो. वहीत त्या काचेसमोर मी एकच ओळ लिहिली होती, ‘इथं थांब. फडकं.’

आता त्या शेवटच्या गावाविषयी. ते पारगावच्या बाजूला आहे. तिथं माझी आक्का दिली होती. माझ्याहून चार वर्षांनी मोठी. मला शाळेत पाठवावं म्हणून वडिलांशी भांडलेली ती एकटीच. तिच्या गावात नारू फार. तिच्या सासऱ्यांना होऊन गेला होता, दिराला त्याच वर्षी झाला होता.

दुपारी मी तिच्याकडं गेलो. सासूबाई, आक्का त्यांना आत्याबाई म्हणायची, शेतात होत्या. आक्का पाणी गाळत होती. मी बघत राहिलो. एक घागर झाल्यावर तिनं फडकं उलटं केलं.

मी तिला सगळं सांगितलं, भिंगातले ठिपकेसुद्धा. खिशातलं गाठीचं फडकं दाखवलं. तिनं ते हातात घेऊन बघितलं आणि मला परत दिलं.

“भाऊ, मला एकटीला सांगून काय उपेग? पान्याचं आत्याबाईंच्या हातात. त्यांनी घालून दिलंय तसं मी करती. मी म्हनलं, फडकं उलटं करू नगा, तर म्हनतील, म्हायेरचं शानपन हितं नगं. आन माझ्या भावानं सांगितलं म्हनलं तर आनखीनच.”

“मग?”

“तू आज पडद्याम्होरं सांगनार हायेस न्हवं? समद्यांदेखत सांग. पडद्यावरचं म्हनल्यावर आत्याबाई ऐकतील. त्यांना सरकारी लई खरं वाटतं.” मग हसून म्हणाली, “मी म्होरंच बसती. इसरू नगंस.”

मी म्हणालो, “विसरेन कसा? तिथं तर मी दोन ठोके देतो.”

संध्याकाळी पडदा लावत होतो तेव्हा जीप आली. प्रचाराचं काम पाहायला पुण्याहून साहेब आले होते. ते माझ्याशी फार चांगलं बोलले. कुठल्या कॉलेजात आहेस, कितवा नंबर येतो, घरी काय करतात, सगळं विचारलं. मग वही मागितली. तांबड्या रेघा पाहून त्यांचा चेहरा बदलला.

“ही छापील व्याख्यानं तज्ज्ञांनी तयार केली आहेत. तुला कुणी खोडायला सांगितलं?”

चाचा बत्तीला हवा भरत होते. ते थांबले. मी म्हणायला हवं होतं की आम्ही दोघांनी केलं, आणि का केलं. तोंडातून निघालं ते असं, “नाही साहेब, ते फक्त... सरावासाठी.”

“ठीक आहे. पण आज नीट. काचेवर आहे तेच, शब्दाला शब्द. पदरचं काही नको. ग्रामीण भाषाही नको. तुझी वाणी स्वच्छ आहे, म्हणून तर तुला घेतलं. पुढं शिष्यवृत्तीसाठी पत्र लागेल ना तुला?”

त्यांनी जीपमधून कोरी वही आणवली आणि माझ्या हातात दिली. ते धमकी देत नव्हते. त्यांना खरंच वाटत होतं की ते माझं भलं करतायत.

लोक जमले. आक्का बायकांत अगदी पुढं बसली होती, डोक्यावरून पदर, शेजारी सासूबाई. साहेब खुर्चीवर, माझ्या डाव्या हाताला. मी वाचायला सुरुवात केली. पोरांनी तिसऱ्या काचेला सुरात वाचणं सुरू केलं, साहेबांनी नुसतं बघितलं आणि ती गप्प झाली. मग फक्त माझा आवाज राहिला. स्वच्छ, पुणेरी. पडद्यावर जे होतं ते मी वाचत होतो आणि लोक माझ्याकडं बघत होते, पडद्याकडं नाही. बघायचं कशाला? चित्र काय म्हणतंय ते आधीच कानावर पडत होतं.

नववी काच आली. घागर, फडकं, बाई.

“पेयजल दुहेरी फडक्यातून गाळून घ्यावे,” मी वाचलं.

आणि नेमक्या आक्काच्या सासूबाई बोलल्या. मी सांगितलं नव्हतं, आक्कानं सांगितलं असेल असंही वाटत नाही. त्यांनी खरंच विचारलं, “आवं पावणं, गाळून तर आमी रोजच पितो. दुहेरीच गाळतो. मग आमच्या घरात ह्यो नारू निघतोच कसा?”

सगळे माझ्याकडं बघू लागले. आक्कानं पदर थोडा मागं घेतला.

खिशात फडकं होतं. मी साहेबांकडं बघितलं. ते घड्याळ बघत होते. म्हणाले, “शंका शेवटी. चालू दे.”

मी म्हणालो, “पेयजल दुहेरी फडक्यातून गाळून घ्यावे.” तेच, पुन्हा. आणि काठीचा एक ठोका दिला.

काच बदलली नाही.

मला वाटलं ऐकू गेलं नसेल. पुन्हा एक ठोका दिला. चित्र तसंच. मी मागं वळून बघितलं. बत्तीच्या फटीतून चाचांच्या चेहऱ्यावर उजेड पडला होता. त्यांचा हात पट्टीवर होता, पण पट्टी सरकत नव्हती. ते माझ्याकडं बघत होते. ते मला वेळ देत होते. इतक्या गावांत मी दोन ठोके देऊन मागून घेत होतो तो वेळ आज त्यांनी न मागता दिला होता, आणि तोही साहेब समोर बसलेले असताना, आपली नोकरी पणाला लावून.

साहेब म्हणाले, “काय झालं? यंत्र अडकलं का?”

मी म्हणालो, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, “चाचा, पुढचं चित्र!”

पट्टी सरकली. दहावी काच आली. मी वाचलं. आक्काकडं मी पुन्हा बघितलं नाही. शेवटी शंका झाल्याच नाहीत. साहेब स्वतःच वीस मिनिटं बोलले, गाव स्वच्छ ठेवण्याविषयी, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

सामान बांधताना साहेबांनी चाचांना बाजूला घेतलं. मला ऐकू आलं ते एवढंच, “हात जड झालाय. उद्यापासून दुसरा माणूस बघतो.” चाचा ‘जी’ म्हणाले. काचांची पेटी बंद करून ते माझ्याजवळ आले. मला वाटलं आता बोलतील. त्यांनी जुनी, तांबड्या रेघांची वही माझ्या हातात दिली आणि म्हणाले, “ही तुझी.” तेवढंच. शिवी दिली असती तर मला आज लिहायला थोडं सोपं गेलं असतं.

दौरा त्या गावाला संपत होता. साहेब म्हणाले, “मी पुण्यालाच चाललोय, बैस.” मी जीपमध्ये पहिल्यांदाच बसलो. आक्काच्या घरावरून गाडी गेली. मी म्हणू शकलो असतो की दोन मिनिटं थांबा, बहिणीला सांगून येतो. तिच्या सासूबाईंच्या हातात फडकं देऊन म्हणू शकलो असतो की तुमच्या प्रश्नाचं उत्तर हे. साहेब शिष्यवृत्तीविषयी बोलत होते, मी हो-हो म्हणत होतो. घर मागं गेलं.

पत्र त्यांनी दिलं. ‘वाचन शुद्ध व सुस्पष्ट’ असं त्यात लिहिलं होतं. शिष्यवृत्ती मिळाली. दिवाळीला आक्काकडं जाऊन सगळं सांगायचं असं मी ठरवलं, पण परीक्षेचं कारण काढून गेलो नाही. कार्ड लिहावं म्हटलं, तर ते तिचे सासरे कुणाकडून तरी वाचून घेणार, सुनेच्या भावानं घरातल्या पाण्यावरून शिकवणूक केली असं व्हायचं. अशी कारणं मला खूप सुचायची. एकदा जुन्नरला गेलो तेव्हा चाचांच्या घरापर्यंत गेलो. आतून पत्रा ठोकल्याचा आवाज येत होता. हाक न मारता परत आलो.

मी स्वतःला असंही समजावलं की एका संध्याकाळच्या चार वाक्यांनी काय होतं? तिथं लोक आधीच नारूनं भरलेले, बारव तीच, पाणी तेच. मी बोललो असतो तरी सासूबाईंनी ऐकलं असतंच कशावरून? हे सगळं खरं असू शकतं. मला माहीत नाही. न बोलल्यामुळं ते कधीच कळणार नाही.

पुढच्या उन्हाळ्याच्या सुट्टीतही गावी जायचं टाळून मी पुण्यातच राहिलो. जूनमध्ये, कॉलेज उघडून आठवडा झाला होता तेव्हा, वसतिगृहाच्या कारकुनानं मला एक कार्ड दिलं. माझी खोली बदलली होती, म्हणून ते बरेच दिवस त्याच्या टेबलात पडून राहिलं होतं. आमच्या गावच्या मास्तरांचं अक्षर, वडिलांचा मजकूर. मास्तरांनी तो जमेल तसा शुद्ध केला होता, पण मध्ये मध्ये वडिलांचा आवाज तसाच राहिला होता.

आक्काच्या उजव्या गुडघ्यात नारू निघाला, असं त्यात होतं. ओढताना तुटला. पू झाला, पाय सुजला, दीड महिना अंथरुणात होती. जीव वाचला, पण गुडघा आखडला आहे, सरळ होत नाही. बारवेच्या पायऱ्या उतरता येत नाहीत, घागर उचलता येत नाही, म्हणून सासरच्यांनी बैलगाडीतून आमच्याकडं आणून सोडलं. परत नेण्याचं बोलत नाहीत. दाजी दुसरी बायको बघतायत असं कानावर आलं आहे.

खाली, जागा संपत आली म्हणून बारीक अक्षरात, मास्तरांनी लिहिलं होतं. ‘तुझी बहीण सांगते, तुझ्या कार्यक्रमानंतर तिने सासूबाईंना फडक्याचे एकदा म्हणून पाहिले. त्या म्हणाल्या, तुझा भाऊ पडद्याम्होरं असलं काय बोलला न्हाई, मी सोता इचारलं व्हतं. तेव्हापासून तिने पुन्हा विषय काढला नाही. तुला राग येऊ नये म्हणून कळवायला सांगते, की पाणी गाळायचे तिने एकही दिवस चुकवले नाही. दुहेरी फडक्यातूनच गाळत होती.’